प्रोसिडिंग लिहिणाऱ्यासाठी यादी: वार्षिक सर्वसाधारण सभा, रविवार २७ सप्टेंबर, सकाळी १०

नव्या सहसचिवांसाठी. तू पहिल्यांदाच लिहिणार आहेस, म्हणून जरा ऐसपैस लिहिलंय. प्रिंट काढून वहीत ठेव. जे झालं त्यावर टिक करत जा.

सभेआधी (शनिवार रात्रीपर्यंत)

☐ गेल्या वर्षीचं इतिवृत्त पूर्ण वाच. पहिलाच विषय 'मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे' हा आहे, आणि ते वाचायला तुलाच सांगतील. वाचताना 'करण्यात येईल', 'चौकशी करावी' असं जिथे जिथे आलंय तिथे पेन्सिलने खूण कर. 'त्याचं काय झालं?' हा प्रश्न तिथूनच येतो.

☐ नोटिशीची प्रत आणि ती कधी, कशी दिली याची नोंद फाइलला आहे का बघ. वार्षिक सभेला पूर्ण १४ दिवसांची नोटीस लागते. आपली ८ तारखेला बोर्डावर लागली आणि घरोघरी देऊन सह्याही घेतल्यात. तो सह्यांचा कागद सोबत ठेव.

☐ विषयपत्रिकेतल्या आठही विषयांना वहीत एकेक कोरं पान. वर विषय क्रमांक आणि विषय, तळाला चार शब्द आधीच लिहून ठेव: ठराव, सूचक, अनुमोदक, मतं. सभेत घाई झाली की हेच चार राहून जातात.

☐ ताळेबंद, लेखापरीक्षण अहवाल, दोष दुरुस्ती अहवाल, पुढच्या वर्षाचं अंदाजपत्रक आणि गच्चीच्या वॉटरप्रूफिंगची तिन्ही कोटेशनं यांच्या झेरॉक्स. आकडा कानाने ऐकून लिहायचा नाही, कागदावरून उतरवायचा.

☐ हजेरीचं रजिस्टर: फ्लॅट क्रमांक आणि सभासदाचं नाव आधी लिहून ठेव, त्यांनी फक्त सही करायची. नवरा-बायको दोघे आले तरी कोरमला एकच सभासद धरायचा. भाडेकरू आले तर बसू देत, सही नको.

☐ दोन पेनं, घड्याळ. फोनवर रेकॉर्डिंग करायचं असेल तर अध्यक्षांना आधी विचार, आणि त्यांनी ते सभेत जाहीर केल्यावरच सुरू कर. रेकॉर्डिंग अडलं तर ऐकायला आहे. त्याच्या भरवशावर हात आखडू नकोस. पार्किंगमध्ये पंख्याखाली अर्धं ऐकूच येत नाही.

☐ बसायची जागा अध्यक्षांच्या शेजारी. गणपतीच्या मंडपाच्या खुर्च्या अजून इथेच आहेत, पण टेबल मागवावं लागेल. मांडीवर वही घेऊन दोन तास लिहिता येत नाही.

सभेत

१० वाजता सह्या मोज. आपले ४८ सभासद. कोरम दोन-तृतीयांश किंवा २०, यातला कमी आकडा, म्हणजे २०. तेवढे नसतील तर अध्यक्ष सभा तहकूब करतील आणि अर्ध्या तासाने तिथेच घेतील. तेव्हा कोरमची अट नाही, मात्र पत्रिकेवरचेच विषय घेता येतात. दोन्ही वेळा लिही: तहकूब किती वाजता, परत सुरू किती वाजता. दरवर्षी साडेदहाच होतात, म्हणून गृहीत धरून आधीच लिहून ठेवू नकोस.

आता ऐकण्याबद्दल. कोण काय बोललं ते सगळं टिपायला गेलीस तर दहा मिनिटांत मागे पडशील. कान तीन गोष्टींवर ठेव: काय ठरलं, कोणी करायचं, कधीपर्यंत. बाकी चर्चा 'यावर सविस्तर चर्चा झाली' या एका वाक्यात जाते, फार तर मुख्य मुद्दा जोडायचा. गच्चीचा विषय निघाला की साधारण असं होईल:

'सगळ्यात स्वस्त कोटेशन घ्या ना!' 'मागच्या वेळी स्वस्तच घेतलं होतं, दोन पावसाळ्यांत पुन्हा गळती.' 'वॉरंटी कोण देतंय ते सांगा आधी.' 'आणि वरच्या मजल्यावाल्यांनी जास्त भरावं!' 'का म्हणून?'

यातलं वहीत एवढंच: *दर विरुद्ध वॉरंटी. वरच्या मजल्यांकडून जादा वर्गणी – सूचना, अनुमोदन नाही.* आणि मग गप्प बसून वाट बघ. ठराव होण्याचा क्षण आरडाओरड्यात निसटतो. कोणीतरी 'चला, झालं मग, दुसरंच घेऊ' म्हणतं आणि सभा पुढच्या विषयावर जाते. तेव्हा हात वर करून थांबवायचं: 'अध्यक्ष महाराज, ठराव वाचून दाखवते.' वाच, सूचक-अनुमोदक विचार, हात मोज. हे सांगायला लाजू नकोस. लिहिणाऱ्याला सभा थांबवायचा हक्क आहे, आणि खरं तर तेवढाच आहे.

☐ सर्वानुमते की बहुमताने? एकाचाही हात विरोधात असेल तर 'सर्वानुमते' लिहायचं नाही.

☐ 'माझा विरोध नोंदवा' असं कोणी म्हणालं तर नाव, फ्लॅट आणि कारण एका ओळीत. त्यांचं भाषण नको, पण ओळ गाळायची नाही.

☐ लेखापरीक्षकांची नेमणूक: शासनाच्या नामतालिकेवरचं पूर्ण नाव, वर्ष आणि फी, तिन्ही ठरावात हवं. 'मागचेच सीए' असं लिहून भागत नाही.

☐ ऐनवेळचे विषय अध्यक्षांच्या परवानगीने येतात, तसंच लिही. मोठ्या खर्चाचा विषय तिथे घुसला तर अध्यक्षांच्या कानात सांग की हा नोटिशीत नव्हता. मग त्यांनी ठरवावं.

☐ मध्येच उठून जाणाऱ्यांची वेळ समासात. मतांचा मेळ लावताना लागते.

'हे लिहू नकोस हं,' असं तुझ्या खुर्चीशी वाकून म्हणणारे एक-दोघे भेटतील. हसून मान हलव. टोमणे तसेही लिहायचे नसतात, आणि ठराव कोणाच्या सांगण्यावरून गळत नाही.

☐ सभा संपल्याची वेळ, आभार कोणी मानले. चहाचं लिहू नकोस.

सभेनंतर

☐ त्याच दिवशी, जेवून झोपायच्या आधी, कच्चं लिखाण पूर्ण कर. सोमवारी तुझंच अक्षर तुला लागणार नाही.

ठराव असा दिसायला हवा:

> ठराव क्र. ५: इमारतीच्या गच्चीच्या वॉटरप्रूफिंगसाठी आलेल्या तीन कोटेशनांपैकी क्र. २ चे रु. ४,८५,००० चे (जीएसटी वेगळा), ७ वर्षांच्या लेखी वॉरंटीसह, मंजूर करण्यात येत आहे. खर्च दुरुस्ती निधीतून करावा. करारनामा खजिनदारांनी ३१ ऑक्टोबरपर्यंत पूर्ण करावा.
> सूचक: फ्लॅट २०४ चे सभासद. अनुमोदक: फ्लॅट ६०१ चे सभासद.
> बाजूने २१, विरोधात ४, तटस्थ २. ठराव बहुमताने मंजूर.

पक्क्या प्रतीत फ्लॅटसोबत नावंही घाल. बेरीज २७ होते, तेव्हा हजेरीवर त्या वेळी २७ सभासद होते ना, ते समासातल्या वेळा बघून पडताळ.

☐ 'रागाने म्हणाले', 'विनाकारण वाद घातला', 'समर्पक उत्तर दिले' असले शब्द काढ. वर्षा-दोन वर्षांनी कोणी उपनिबंधकांकडे तक्रार केली तर हीच पानं तिथे वाचली जातात.

☐ मसुदा ४ ऑक्टोबरपर्यंत अध्यक्षांना आणि मला. त्यांनी भाषा बदलली तर हरकत नाही. आकडा किंवा निर्णय बदलला तर वही समोर ठेवून बोल. मग तो सभासदांना पाठवू, लेखी हरकतींना १५ दिवस देऊ आणि समितीच्या सभेत अंतिम करू.

☐ प्रोसिडिंग बुकात पानांवर क्रमांक, मध्ये कोरी जागा नाही, व्हाइटनर अजिबात नाही. चूक झाली तर एक रेघ आणि बाजूला अध्यक्षांची छोटी सही. शेवटच्या ओळीखाली लगेच अध्यक्ष आणि सचिवांच्या सह्या.

☐ कच्ची वही इतिवृत्त कायम होईपर्यंत टाकायची नाही.

☐ ज्यांच्यावर कामं आली त्यांना सोमवारीच व्हॉट्सअॅपवर वेगवेगळं कळव: काम आणि तारीख, एवढंच. ग्रुपवर नको, तिथे सभा परत सुरू होते.

☐ बँकेला सह्यांच्या अधिकाराच्या ठरावाची प्रत लागेल. सोसायटीच्या लेटरहेडवर फक्त तेवढा ठराव, 'खरी नक्कल' लिहून, सही-शिक्क्यासह. शिक्का माझ्याकडे आहे, संध्याकाळी सातनंतर ये.