भरण्याची स्लिप

मी 1990 साली औशाच्या पंचायत समितीत लागलो, तेव्हा आस्थापनेच्या टेबलावर किशनराव होते. कनिष्ठ लिपिक. पगार झाला की दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत डबा न उघडता ते सायकल काढायचे आणि अर्ध्या तासानं घामाघूम होऊन परत यायचे. मग एकटेच बसून गार भाकरी अन् ठेचा खायचे. शर्टाच्या खिशात गुलाबीसर कागदाचा तुकडा असायचा. आमच्या ऑफिसात दुसरं काम काय? लातूरला कुणीतरी बाई आहे, तिला मनिऑर्डर करतात, असं शिपायानं पसरवलं होतं. मीही ते आनंदानं पुढं सांगितलं.

बाई नव्हती. हैदराबाद बँकेत पीपीएफचं खातं होतं. तिला तेव्हा सगळे हैदराबाद बँकच म्हणायचे, 2017 साली ती स्टेट बँकेत गेली. 1988 साली महिना शंभर रुपयांनी त्यांनी ते उघडलं होतं, पुढं पगाराबरोबर भरणंही वाढवत नेलं. त्या वेळी पीपीएफला बारा टक्के व्याज मिळायचं, आज पोराला सांगितलं तर खोटं वाटतं. खात्यात पंधरा वर्षं पैसे अडकतात म्हणून आम्ही हसायचो. "किशनराव, पंधरा वर्षांनी पैसे घेऊन काय करायलाव, दात बसवणार का?" ते म्हणायचे, "बगू की."

मी त्या काळात काय करत होतो तेही सांगून टाकतो. सागाची झाडं लावणारी एक कंपनी लातुरात आली होती. आठ हजार भरा, वीस वर्षांनी लाखो. मी वडिलांच्या नावानं एक अन् माझ्या नावानं एक असे दोन गुंठे झाडं घेतली. झाडांचा फोटो असलेलं सर्टिफिकेट अजून माझ्या कपाटात आहे. झाडं कुठं होती ते मला माहीत नाही, कंपनीलाही नसावं. किशनरावांना मी आग्रह केला होता. त्यांनी सर्टिफिकेट उलटंपालटं करून बघितलं आणि विचारलं, "ह्याला पासबुक नाही का?"

मग 1993 आला. 30 सप्टेंबरची पहाट. गणपती विसर्जन करून माणसं झोपलेली, आणि चार वाजायच्या आत किल्लारी गेली. किल्लारी आमच्याच तालुक्यात. जाडजूड दगड-मातीच्या भिंती, त्याखाली माणसं. वरून पाऊस. आमचं सगळं ऑफिस महिनोन् महिने याद्या करत होतं. मृतांची यादी, जखमींची यादी, वारसांची यादी. किशनरावांचं अक्षर सुंदर, म्हणून नावं लिहायचं काम त्यांच्याकडं आलं. एका घरातली सहा नावं एकाखाली एक, एकाच अक्षरात.

तिथं आम्ही एक म्हातारा बघितला. रोज यायचा आणि एकाच ढिगाऱ्याजवळ पहारीनं उकरायचा. भिंतीतल्या कोनाड्यात बायकोनं गाडग्यात पैसे ठेवले होते म्हणे. त्याच गल्लीत पोस्टाचं एक पासबुक सापडलं, भिजून फुगलेलं. किशनरावांनी ते उन्हात वाळवलं, पानं सुटी केली. पैसे पोस्टात शाबूत होते, खातेदार नव्हता, आणि वारसाचा रकाना कोरा. त्या घरातलं पुण्याला असलेलं एक पोरगं ते पैसे मिळवायला दोन वर्षं खेटे घालत होतं. त्या दिवसापासून किशनरावांनी कुठलाही फॉर्म भरला की आधी वारसाचा रकाना भरायचा, मग स्वतःचं नाव. ऑफिसात कुणाचाही जीपीएफचा फॉर्म आला की ते तेवढंच बघायचे. नामांकन कोरं असेल तर कागद परत.

2000 च्या दिवाळीत त्यांनी नवं काही तरी सुरू केलं. लातूरचा एक विमा एजंट म्युच्युअल फंडाचे फॉर्म घेऊन फिरायचा. आता सगळं मोबाइलवर होतं, तेव्हा वर्षाचे बारा चेक आधीच सही करून द्यावे लागत, पुढच्या प्रत्येक महिन्याची तारीख टाकून. पाडव्याच्या दिवशी टेबलावर बारा चेक मांडून किशनराव सह्या करत बसले होते. एक एक हजाराचे. मी म्हणालो, "अहो, शेअर बाजार आहे हा. हर्षद मेहताचं विसरलाव का?" ते म्हणाले, "हर्षद मेहता एका दिवशी घेत होता. मी एकशेवीस दिवशी घेणार." म्हणजे दहा वर्षांचे एकशेवीस महिने. दहा वर्षांनी थांबलेही नाहीत.

पहिल्याच वर्षी बाजार पडला. भरले त्यापेक्षा कमी दिसू लागले. त्याच सुमारास, 2001 च्या उन्हाळ्यात, त्यांचे धाकटे भाऊ ज्ञानोबा लामजन्याहून ऑफिसात आले. धोतराचा सोगा हातात धरून व्हरांड्यात उभे राहिले. बोअर पाडायचं होतं, मोटार, पाइप धरून चाळीस हजार लागत होते. मी शेजारच्याच टेबलावर होतो. किशनराव म्हणाले, "माझ्याकडं न्हाईत रे."

पीपीएफच्या पासबुकावर तेव्हा नव्वद हजारांच्या वर होते. आदल्याच आठवड्यात त्यांनी मला ते दाखवलं होतं, माणूस नवी बैलजोडी दाखवतो तसं. सगळे एकदम काढता आले नसते हे खरं. पण निम्मे-अर्धे निघाले असते, उरलेल्याला आमची पतसंस्था होती. ज्ञानोबांनी सावकाराकडून घेतले. बोअरला पाणी लागलं नाही. पुढं दोन एकर रान विकलं. त्यानंतर दोघं भाऊ एकमेकांच्या दारात गेले ते लग्नकार्यात, तेही पानसुपारीपुरते.

मी त्यावर कधी बोललो नाही. एकदाच म्हणालो, "देता आले असते." ते फाइलची दोरी बांधत होते. बांधत राहिले.

बाकीची वर्षं पटपट सांगतो, कारण त्यांत काही घडलंच नाही. खरं तर पैसा असाच होतो, काही न घडता. 2005 पासून हजाराचे दोन हजार झाले. 2008 साली बाजार निम्म्याच्या खाली आला. एजंटानं घाबरून फोन केला, तर किशनराव म्हणाले, "माल स्वस्त झालाय तर दुकान कामून बंद करावं?" सहाव्या वेतन आयोगात पगार वाढला. मी त्यात गाडी घेतली, त्यांनी दोनाचे पाच हजार केले. 2015 पासून दहा हजार, तोवर ते वरिष्ठ सहायक झाले होते. घर तेच, पत्र्याचं, पुढं दोन खोल्या वाढवलेलं. 2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. त्या उन्हाळ्यात वहिनी आम्हा शेजाऱ्यांबरोबर टँकरच्या रांगेत घागर घेऊन उभ्या होत्या, आणि पायातल्या चपलेचा अंगठा शिवलेला होता. त्या दिवशी त्यांच्या नवऱ्याच्या नावावर किती असतील याचा हिशेब मी आता करतो. तीसेक लाख तरी असतील.

वहिनींना माहीत होतं का? मला वाटायचं नसावं. पोरगी मुक्ता शिकली, नर्स झाली, लग्न साधंच केलं. हुंडा दिला नाही, मानपान मोजून. जावयानं एकदा मला विचारलं, "मामांची परिस्थिती अशी बेताचीच का हो?" मी म्हणालो, "बेताचीच."

2020 मध्ये किशनराव निवृत्त झाले. लॉकडाऊनमुळं निरोपसमारंभही झाला नाही. जुनी पेन्शन होती, तेवढ्यात दोघांचं भागत होतं. फंडात भरणं थांबलं, काढणं सुरू झालंच नाही.

2024 च्या डिसेंबरात, वर्ष संपता संपता, त्यांचा फोन आला. "बालाजी, सही पाहिजे तुझी. साक्षीदार म्हणून."

मृत्युपत्र केलं होतं. साक्षीदारानं आतलं वाचायची गरज नसते, मी तसं म्हणालो, तरी त्यांनी कागद माझ्यापुढं सरकवला. तेच अक्षर, याद्या लिहिलेलं. प्रत्येक ओळीत खातं, नंबर, रक्कम आणि पुढं वारस. बेरीज शेवटी: शहाण्णव लाख, वर काही हजार. फंडात स्वतःच्या पगारातले मिळून भरले होते दहा लाख ऐंशी हजार. मी पुन्हा वाचलं. कोटीला चार लाख कमी, आणि आम्ही बसलो होतो ती सतरंजी तीन ठिकाणी ठिगळलेली.

सगळं वहिनींच्या नावे, मागाहून मुक्ताच्या. एकच ओळ वेगळी. फंडातला एक स्वतंत्र फोलिओ, 2004 साली पीपीएफची मुदत पुरी झाल्यावर त्यातून एकदाच भरलेले चाळीस हजार. आजची किंमत सहा लाख नव्वद हजार. वारस म्हणून ज्ञानोबाचं नाव.

"वीस वर्षं हे बाजूला ठेवलंत?"

"त्याचेच होते ना."

"मग मेल्यावर कशाला? माणूस जिवंत आहे. तिकडं त्याचा पोरगा दुसऱ्याचा टेम्पो चालवायलाय."

ते गप्प. मग म्हणाले, "आता दिले तर घेईल का तो?"

आतून वहिनी चहा घेऊन आल्या. कप ठेवले. त्यांना कागद वाचायची गरज पडली नाही, बेरजेच्या आकड्यावर नजरही गेली नाही. म्हणाल्या, "विचारून बगितलं का कधी? चोवीस वर्षं त्या एका ओळीपायी ह्या घरात दिवाळीला भाऊबंद न्हाई आला. मला ठावं हाय, पाडव्याला ते पासबुकं काढतेत, ती एकच वही उघडीत न्हाईत." आणि मग माझ्याकडं वळून, "भावजी, लामजन्याची गाडी सव्वातीनला हाय ना?"

मी होय म्हणालो. त्या लुगडं बदलायला आत गेल्या.

किशनराव बराच वेळ बसून राहिले. मग उठले, पत्र्याच्या पेटीतून प्लास्टिकची पिशवी काढली. आत बत्तीस वर्षांच्या स्लिपा, वर्षागणिक रबर लावून. अगदी तळाशी त्या फोलिओचा जुना फॉर्म होता, विमा एजंटानं दिलेला, दोन बाजूंचा. त्यांनी चष्मा लावला, फॉर्म उलटा केला, सुलटा केला. बोट एका रकान्यावरून दुसऱ्या रकान्यावर फिरत राहिलं.

"बालाजी," ते म्हणाले, "काढायचं असलं तर सही कुठं करतेत रे ह्याच्यात?"