पायाच्या अंगठ्यापासून निघालेला थेंब

बसा मुलांनो. जिना चढून आलात ना? मग श्वास खाली बसायच्या आत दोन बोटं मनगटावर ठेवा, अंगठ्याच्या मुळाशी. लागली नाडी? बोटं असू द्या तिथंच.

आपला रक्ताचा थेंब आत्ता आहे पायाच्या अंगठ्यात. तिथल्या पेशींना त्यानं ऑक्सिजन दिलाय, कार्बन डायऑक्साइड उचललाय. आता त्याला वर जायचंय. ढकलणार कोण? हृदयाचा जोर इथपर्यंत येता येता फार कमी झालेला असतो. तुम्ही चालता तेव्हा पोटरीचे स्नायू शिरा पिळतात, रक्त वर सरकतं, आणि शिरांमधल्या झडपा त्याला परत खाली येऊ देत नाहीत. विल्यम हार्वी नावाच्या इंग्रज डॉक्टरनं हातावरची शीर बोटानं दाबून दाखवलं होतं, की तिच्यातलं रक्त हृदयाकडेच जातं. ते त्यानं 1628 साली पुस्तकात छापलं. घरी करून बघा, आजोबांच्या हाताच्या शिरा छान दिसतात.

महाशिरेतून थेंब पोचला उजव्या अलिंदात. अलिंद वरचा कप्पा, निलय खालचा. शाळेच्या हिंदी पुस्तकातही हेच शब्द आहेत. झडप उघडली, थेंब उजव्या निलयात. निलय आवळलं, थेंब फुप्फुसात.

इथं नीट ऐका. ‘हृदय रक्त शुद्ध करतं’ असं पेपरात लिहू नका. हृदय फक्त ढकलतं. कार्बन डायऑक्साइड सोडून ऑक्सिजन घेण्याचं काम फुप्फुसात होतं. आणि चित्रात शिरा निळ्या काढतात त्या ओळखू याव्यात म्हणून. रक्त निळं कधीच नसतं; आधी काळपट लाल होतं, आता लालभडक झालं.

ताजातवाना थेंब परत हृदयात आला, पण डाव्या बाजूला. मध्ये भिंत आहे, दोन्ही रक्तं मिसळत नाहीत. डाव्या अलिंदातून डाव्या निलयात. या निलयाची भिंत जाड का? उजव्याला शेजारच्या फुप्फुसापर्यंतच पाठवायचंय, डाव्याला डोक्यापासून पायापर्यंत. ते आवळतं, रक्त महाधमनीत उसळतं, आणि तोच धक्का तुमच्या बोटांना लागतोय.

पुढे धमन्या फुटत फुटत इतक्या बारीक होतात की केशवाहिनीत लाल पेशी एकामागे एक, अंग चोरून जातात. सराफ्याच्या गर्दीत आपण आईचा हात धरून जातो ना, तसं. थेंब तर इथं केव्हाच विखुरलाय, म्हणून आपण त्यातल्या एकाच लाल पेशीवर नजर ठेवायची. पोचली ती अंगठ्यात. निवांत बसलेल्या माणसात अशा एका फेरीला साधारण एक मिनिट लागतं.

आता मी घड्याळ बघते. तीस सेकंद ठोके मोजा, दुप्पट करा, आकडा वहीत लिहा. तयार? सुरू.