तीन चुकीच्या प्रयत्नांनंतर बंद झालेली ऑनलाइन बँकिंग सेवा पुन्हा सुरू करण्याबाबत अर्ज

सदानंद रामचंद्र कुंभोजकर
मालक, श्रीसमर्थ मुद्रणालय
ब्राह्मणपुरी, मिरज, जि. सांगली ४१६ ४१०

दिनांक : १४ नोव्हेंबर २०२५

प्रति,
मा. शाखा व्यवस्थापक,
मिरज शाखा

विषय : चालू खात्याच्या ऑनलाइन बँकिंगचा बंद झालेला युजर आयडी पुन्हा सुरू करण्याबाबत.

संदर्भ : श्रीसमर्थ मुद्रणालय या नावाचे आपल्या शाखेतील चालू खाते, शेवटचे चार अंक ४४१७ (पूर्ण क्रमांक सोबतच्या रद्द केलेल्या धनादेशावर आहे).

महोदय,

वरील खाते माझ्या एकट्याच्या मालकीच्या व्यवसायाचे असून त्यावर व्यवहार करण्याचा अधिकार केवळ मला आहे. बुधवार, १२ नोव्हेंबर रोजी सायंकाळी सातच्या सुमारास मुद्रणालयातील संगणकावरून लॉगिन करताना पासवर्ड लागोपाठ तीन वेळा जुळला नाही आणि पडद्यावर "Your User ID has been locked" असा संदेश येऊन ऑनलाइन सेवा बंद झाली. ओळख आणि सही यांची रीतसर खातरजमा करून ही सेवा पुन्हा सुरू करून द्यावी, आणि माझा ऑक्टोबर महिन्याचा जीएसटी २० नोव्हेंबरपर्यंत भरायचा असल्याने हे काम शक्यतो सोमवार, १७ तारखेपर्यंत व्हावे, अशी विनंती करण्यासाठी हा अर्ज देत आहे.

ते तिन्ही प्रयत्न मीच केलेले आहेत, हे प्रथम स्पष्ट करतो. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशानुसार सर्व बँकांनी आपली संकेतस्थळे ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत .bank.in या नव्या पत्त्यावर न्यायची होती, त्यानुसार आपल्या बँकेचाही पत्ता बदलला. आपल्या बँकेचा जुना पत्ता असेपर्यंत संगणकातील ब्राउझर साठवलेला पासवर्ड आपोआप भरत असे. पत्ता बदलल्यावर त्याने तो भरला नाही, आणि ते योग्यच होते, कारण अनोळखी पत्त्यावर पासवर्ड न देणे हेच त्याचे काम. त्यामुळे पासवर्ड हाताने टाइप करावा लागला. त्या वेळी एका लग्नपत्रिकेचा मजकूर जुळवण्याचे काम चालू असल्याने संगणकाचा कळफलक मराठीवर होता. युजर आयडी ब्राउझरने सुचवलेल्या यादीतून निवडलेला होता, म्हणून तो बरोबर दिसत होता. पासवर्डच्या रकान्यात मात्र केवळ काळे ठिपके उमटतात, त्यामुळे इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरी अक्षरे आणि अंक जात असल्याचे कळायला काही मार्ग नव्हता. नंतर त्याच कळा साध्या मजकुराच्या खिडकीत दाबून पाहिल्या, तेव्हा कारण लगेच ध्यानात आले. माझा पासवर्ड मला पक्का ठाऊक आहे, तो अन्य कोणाला दिलेला नाही आणि कोठे लिहूनही ठेवलेला नाही.

तीन चुकांनंतर खाते बंद व्हावे या व्यवस्थेबद्दल माझी कोणतीही तक्रार नाही. या खात्यातून कागद, शाई, प्लेट आणि कामगारांचे पगार असे सर्व पैसे जातात. एखाद्याने पासवर्ड ओळखून काढण्याचा प्रयत्न केला तर त्याला चौथी संधी मिळू नये, असे मलाही वाटते. म्हणूनच माझ्या बाबतीतही खातरजमेतील कोणतीही पायरी घाईसाठी वगळू नये. मी अनेक वर्षांचा परिचित खातेदार असलो, तरी केवळ चेहरा ओळखीचा आहे म्हणून कुलूप उघडले जाऊ नये.

स्वतःहून सेवा सुरू करण्याचे जे मार्ग होते ते मी पाहिले आहेत. संकेतस्थळावरील "Forgot Password" या सोयीत नोंदणीकृत मोबाइलवर ओटीपी व्यवस्थित आला, परंतु पुढच्या टप्प्यावर डेबिट कार्डाचा क्रमांक व पिन मागितला गेला. या चालू खात्यावर मी डेबिट कार्ड कधीच घेतलेले नाही, त्यामुळे ती वाट तेथेच संपली. बँकेच्या ग्राहक सेवा क्रमांकावर मिळालेल्या माहितीनुसार वैयक्तिक खातेदारांचा युजर आयडी दुसऱ्या दिवशी आपोआप सुरू होतो, व्यवसायाच्या युजर आयडीसाठी मात्र मूळ शाखेत सहीचा अर्ज व ओळखीची कागदपत्रे द्यावी लागतात. त्यानुसार हा अर्ज मी स्वतः येऊन आपल्या हाती देत आहे. नमुना सही पडताळून पाहावी, आणि आवश्यक वाटल्यास खात्याशी जोडलेल्या, ०६२८ या अंकांनी संपणाऱ्या माझ्या मोबाइलवर शाखेच्या दूरध्वनीवरून संपर्क साधावा. हा क्रमांक बदललेला नाही आणि त्यावर खात्याचे संदेश नियमित येत आहेत.

एक गोष्ट आपल्या कानावर घालणे मला आवश्यक वाटते. गुरुवारी दुपारी मला एका अनोळखी मोबाइलवरून फोन आला. बोलणाऱ्या व्यक्तीने आपण बँकेच्या मुख्य कार्यालयातून बोलत असल्याचे सांगितले, तुमचे नेटबँकिंग बंद पडले आहे असे म्हटले आणि ते सुरू करण्यासाठी व्हॉट्सॲपवर पाठवलेली एक फाइल फोनमध्ये घ्यायला सांगितले. फाइलच्या नावाच्या शेवटी .apk असल्याने मी ती उघडली नाही, कोणतीही माहिती दिली नाही आणि तो क्रमांक केंद्र सरकारच्या संचार साथी संकेतस्थळावरील चक्षु या सोयीत नोंदवला. असे फोन सरसकट सगळ्यांना येत असतात, त्यामुळे माझ्या खात्याची माहिती बाहेर गेली असा माझा आरोप मुळीच नाही. परंतु सेवा बंद झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी असा फोन यावा, एवढ्यावरून थोडी अधिक चौकशी करणे हिताचे ठरेल.

म्हणून माझी अशी विनंती आहे की, युजर आयडी सुरू करण्यापूर्वी बुधवारच्या लॉगिन प्रयत्नांची नोंद संबंधित विभागाकडून तपासून घ्यावी. त्या सायंकाळी एकाच संगणकावरून झालेले तीन प्रयत्न माझे आहेत. याखेरीज त्या दिवशी किंवा त्यानंतर अन्य कोठून प्रयत्न झाला असल्यास तो माझा नाही, असे समजावे व मला तसे कळवावे. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार अनधिकृत व्यवहाराची जबाबदारी ठरवताना ग्राहकाने किती दिवसांत कळवले याला महत्त्व आहे, म्हणून जे असेल ते वेळेत समजावे अशी माझी इच्छा आहे. खात्यातून मी न केलेला कोणताही व्यवहार आतापर्यंत झालेला नाही, हे मी पासबुकात आजच्या नोंदी भरून घेऊन पाहिले आहे. मात्र लाभार्थ्यांच्या यादीत नवे नाव जोडले गेले आहे का, किंवा दैनंदिन व्यवहाराची मर्यादा बदलली आहे का, हे पासबुकात दिसत नाही. ते आपल्याकडून पाहिले जावे.

सेवा सुरू करताना नवा पासवर्ड तयार करावा लागणार असल्यास तो मला शाखेत, माझ्या स्वतःच्या हाती, बंद पाकिटात मिळावा किंवा बँकेच्या नियमाप्रमाणे नोंदणीकृत मोबाइलवरील ओटीपीने मी स्वतः तयार करावा, असा पर्याय द्यावा. तो दूरध्वनीवर सांगू नये किंवा माझ्या कामगारांपैकी कोणी आल्यास त्याच्याकडे देऊ नये. मुद्रणालयातून धनादेश भरायला मुलगे येतात, त्यांना शाखेतील सर्व जण ओळखतात आणि ती विश्वासाची माणसे आहेत; तरीही या एका बाबतीत मी कोणालाही अधिकारपत्र दिलेले नाही आणि देणार नाही.

आता तारखेविषयी. ऑक्टोबरच्या व्यवहारांचा माझा जीएसटी ३८,४६० रुपये आहे आणि तो भरल्याशिवाय जीएसटीआर-३बी हे विवरणपत्र दाखल होत नाही. विलंब झाल्यास थकलेल्या करावर वार्षिक १८ टक्के दराने व्याज आणि प्रतिदिन ५० रुपये विलंब शुल्क लागते. रक्कम फार मोठी नसली, तरी आजवर विवरणपत्र वेळेत भरण्याचा माझा शिरस्ता मोडू नये असे मनापासून वाटते. बँकेच्या काउंटरवर चलन भरण्याची मर्यादा एका कर कालावधीसाठी १०,००० रुपये असल्याने रोखीने किंवा धनादेशाने थेट चलन भरणे मला शक्य नाही. तथापि जीएसटी संकेतस्थळावर एनईएफटी हा पर्याय निवडून तयार केलेले चलन व त्यासोबतचे आदेशपत्र शाखेत देऊन, खात्याच्या धनादेशाने ती रक्कम पाठवता येते. सोमवारी संध्याकाळपर्यंत ऑनलाइन सेवा सुरू होणार नसेल तर मी असे चलन तयार करून मंगळवारी सकाळी धनादेशासह आणून देईन. चलन तयार केल्यापासून १५ दिवस ग्राह्य असते, त्यामुळे त्या बाजूने अडचण नाही. परंतु रक्कम त्याच दिवशी पाठवली जावी आणि यूटीआर क्रमांक मला मिळावा, एवढी व्यवस्था करावी. तो क्रमांक संकेतस्थळावर नोंदवून, रक्कम माझ्या खतावणीत जमा झाल्याची खात्री करून मग विवरणपत्र भरायचे असते, म्हणून गुरुवारची वाट पाहणे मला परवडणारे नाही.

कोल्हापूरच्या कागद व्यापाऱ्याचे देणे मी धनादेशाने देत आहे. ४ ऑक्टोबरपासून धनादेश दिवसभरात सतत वटवण्याची पद्धत सुरू झाल्याने त्यासाठी ऑनलाइन सेवेची निकड राहिलेली नाही. महावितरणचे वीजबिल मात्र मी १८ तारखेला आपोआप जावे असे पूर्वीच ऑनलाइन नोंदवून ठेवले आहे. युजर आयडी बंद असताना अशी आधी नोंदवलेली रक्कम जाते की थांबते, हे कृपया आजच सांगावे, म्हणजे आवश्यक असल्यास मी बिल अन्य मार्गाने भरीन. तुळशीची लग्ने झाल्यापासून पत्रिकांची कामे रात्री उशिरापर्यंत चालतात आणि या दिवसांत वीज तुटणे मुद्रणालयाला झेपणार नाही.

या अर्जाच्या ओघात एक सूचनाही करतो, ती आपण वरिष्ठ कार्यालयाकडे पाठवावी. लॉगिनच्या पानावर पासवर्डच्या रकान्यात इंग्रजीखेरीज अन्य लिपीतील अक्षर गेले, तर "कळफलक इंग्रजीवर आहे का ते पाहा" असा इशारा दिसावा, आणि अशा प्रयत्नाची गणना चुकीच्या तीन प्रयत्नांत होण्यापूर्वी खातेदाराला तो सुधारण्याची संधी मिळावी. देवनागरी अक्षरे असलेला पासवर्ड बँकेची प्रणाली मुळात स्वीकारतच नाही, त्यामुळे अशा इशाऱ्याने सुरक्षिततेत काही उणे येत नाही. मराठीत दिवसभर काम करणारी ग्रामपंचायत कार्यालये, वकिलांकडील टंकलेखक, मुद्रणालये, शाळा अशा कितीतरी ठिकाणच्या खातेदारांना याचा उपयोग होईल.

अर्ज व कागदपत्रे मिळाल्याची पोच दुसऱ्या प्रतीवर तारीख आणि शिक्क्यासह द्यावी, तसेच तक्रार किंवा विनंती क्रमांक तयार होत असल्यास तो त्यावर लिहून द्यावा. मी आज दुपारी चारपर्यंत आणि उद्या, शनिवारी शाखा सुरू असल्याने पूर्ण वेळ, कोणत्याही पडताळणीसाठी येऊ शकतो.

कळावे,

आपला विश्वासू,

(सही)
सदानंद रामचंद्र कुंभोजकर
मालक, श्रीसमर्थ मुद्रणालय, मिरज
(मुद्रणालयाचा शिक्का)

सोबत : पॅन कार्डाची व पहिले आठ अंक झाकलेल्या आधार कार्डाची स्वसाक्षांकित प्रत, उद्यम नोंदणी प्रमाणपत्राची व जीएसटी नोंदणी प्रमाणपत्राची प्रत, रद्द केलेला धनादेश, आणि १२ नोव्हेंबर रोजी पडद्यावर आलेल्या संदेशाचे छापील चित्र. मूळ कागदपत्रे पडताळणीसाठी बरोबर आणली आहेत.