एबीजीची चार उत्तरं: तपासणीचा शेरा

रोल नंबर 47,

चारही उत्तरं दोनदा वाचली. एक पूर्ण बरोबर, एक अर्धं बरोबर, दोन चुकली. आकडेमोड तुला येते. कॉम्पेन्सेशन मात्र तू गणित न मांडताच जाहीर करतेस, आणि केस 2 मध्ये सूत्र वापरलंस ते चुकीचं घेतलंस. मार्कांपेक्षा मला त्याची जास्त काळजी वाटते.

केस 1. बावीस वर्षांचा मुलगा, दोन दिवस उलट्या, शुगर 480, लघवीत कीटोन. pH 7.08, PaCO2 28, HCO3 8, सोडियम 134, क्लोराइड 98.

तू लिहिलंस: ‘हाय ॲनायन गॅप मेटाबॉलिक ॲसिडोसिस, पार्शली कॉम्पेन्सेटेड.’

पहिला अर्धा भाग बरोबर. गॅप 28, तोही तू नीट काढलास. दुसऱ्या भागावर लाल रेघ मारली आहे. विंटर्सचं सूत्र घाल:

```
PaCO2 = 1.5 × 8 + 8 = 20 (± 2)
```

म्हणजे 18 ते 22 हवा होता, आहे 28. चाळीसपेक्षा कमी दिसला म्हणून तू ‘फुप्फुसं कामाला लागलीत’ असं धरून चाललीस. कामाला लागलीत खरी, पण पुरी पडत नाहीयेत. निदान असं लिहायचं: हाय गॅप मेटाबॉलिक ॲसिडोसिस, सोबत रेस्पिरेटरी ॲसिडोसिस.

‘पार्शली’ हा शब्द तू pH नॉर्मल नाही एवढ्यावरून वापरलास. या मुलाचा PaCO2 अगदी 20 असता तरी pH 7.22 च्या आसपास राहिला असता. कॉम्पेन्सेशन पूर्ण, तरी pH कमीच. ते pH ला नॉर्मलवर नेऊन ठेवत नाही, त्याच्या जवळ आणतं इतकंच. म्हणून pH बघून ‘पार्शल’ की ‘फुल’ ठरवू नकोस, अपेक्षित आकडा काढ आणि ताडून बघ.

मी रेसिडेंट असताना रात्री अशाच एका रुग्णाच्या कागदावर ‘कॉम्पेन्सेटेड’ लिहिलं होतं. ते वाचून सगळे निश्चिंत झाले, मीही. पहाटे त्याच्या पलंगाशी गेले तर तो खोल श्वास घेतच नव्हता. मानेचे स्नायू ताणलेले, श्वास उथळ, प्रश्नाला उत्तर अर्ध्यावर तुटत होतं. ट्यूब टाकावी लागली. तो वाचला. पण मध्यरात्रीच्या एबीजीत PaCO2 अपेक्षेपेक्षा आठने जास्त होता, आणि ते कुणीच मोजलं नव्हतं.

केस 2. चुलीच्या धुरात तीस वर्षं काढलेल्या आजी, कायमचा खोकला, पायांना सूज. pH 7.35, PaCO2 60, HCO3 32.

तू ॲक्यूट नियम लावलास: PaCO2 दहाने वाढला की बायकार्ब एकने. त्याने 26 यायला हवा, आहे 32, म्हणून तू ‘सोबत मेटाबॉलिक अल्कलोसिस’ जोडलंस. पण ॲक्यूट की क्रॉनिक हे इतिहास सांगतो. तीस वर्षांचा धूर प्रश्नात उगाच लिहिलेला नव्हता. क्रॉनिकमध्ये दहामागे 3.5 ते 4 धर: 31 ते 32 येतो. क्रॉनिक रेस्पिरेटरी ॲसिडोसिस, मूत्रपिंडांनी केलेली भरपाई अपेक्षेइतकीच. दुसरा बिघाड नाही.

केस 3. बरोबर. pH 7.52, PaCO2 47, HCO3 37. अपेक्षित PaCO2 तू 49 काढलास, ± 5 धरलंस आणि मेटाबॉलिक अल्कलोसिससोबत दुसरं काही नाही असं स्पष्ट लिहिलंस. चारही उत्तरं अशीच हवीत.

केस 4. डायलिसिसला न आलेला किडनीचा जुना रुग्ण, तीन दिवस उलट्या. pH 7.40, PaCO2 40, HCO3 24, सोडियम 140, क्लोराइड 88.

तुझं उत्तर, एका ओळीत: ‘नॉर्मल एबीजी.’

क्लोराइड 88 वर थांबायला हवं होतंस. गॅप बघ: 140 − (88 + 24) = 28. नॉर्मल 12 धरला तर सोळाने जास्त. एवढं ॲसिड साठलं तर बायकार्ब साधारण 8 वर उतरायला हवा, तो 24 वर आहे. म्हणजे आधी तो 40 च्या घरात असणार. उलट्यांनी बायकार्ब वर नेला, युरेमियाने खाली आणला. दोन्ही बिघाड एकमेकांना झाकून बसलेत. हाय गॅप मेटाबॉलिक ॲसिडोसिस आणि मेटाबॉलिक अल्कलोसिस. pH नॉर्मल आहे म्हणून हा माणूस घरी गेला असता, हे मनात ठेव.

1, 2 आणि 4 पुन्हा लिही. दर वेळी निदानाच्या आधी तीन ओळी हव्यात: सूत्र, अपेक्षित आकडा, प्रत्यक्ष आकडा. गॅप pH कसाही असला तरी काढायचाच, आणि अल्ब्युमिन कमी असेल तर चारच्या खाली दर एक ग्रॅममागे गॅपमध्ये 2.5 मिळव.

गुरुवारी राउंडच्या आधी वही आण. वॉर्डातल्या ज्या रुग्णाचा त्या सकाळचा एबीजी असेल, त्याच्या पलंगाशी उभं राहून तो वाचू. आधी एक मिनिट त्याचे श्वास मोजायचे, मग कागद उघडायचा.