संशोधन साहाय्यक पदासाठी अर्जासोबतचे पत्र

अमळनेर, जि. जळगाव
14 जुलै 2025

प्रति,
मा. प्रकल्प प्रमुख,
सातपुडा पायथा भूजल अभ्यास,
जळगाव

विषय : संशोधन साहाय्यक पदासाठी अर्ज

माननीय महोदया,

आपल्या जाहिरातीत कामाचे स्वरूप असे दिले आहे : यावल, रावेर आणि चोपडा तालुक्यांतल्या निवडक विहिरींची पाणीपातळी दर महिन्याला मोजणे, नोंदी तपासणे आणि त्या संगणकावर चढवणे. मी याच वर्षी भूगोलात एम.एस्सी. झाले. संशोधनाचा अनुभव म्हणून दाखवण्यासारखे माझ्याकडे एकच पूर्ण झालेले काम आहे आणि ते नेमके याच स्वरूपाचे, पण फार लहान आहे : यावल तालुक्यात हिंगोणा ते बामणोद या पट्ट्यातल्या 22 विहिरी, मे आणि नोव्हेंबर 2024 अशा दोन फेऱ्या आणि मोजणारी मी एकटी. सोबतीला चुलतभाऊ आणि त्याची मोटारसायकल.

प्रबंधाची प्रत जोडली आहेच. त्यात ठळकपणे न आलेली एक गोष्ट इथे सांगते, कारण मी या पदाला किती उपयोगी आहे हे तिच्यावरून जास्त कळेल. 22 पैकी 6 विहिरींच्या नोंदी मला टाकून द्याव्या लागल्या आणि ती चूक माझीच होती. मे महिन्यातल्या पहिल्या फेरीत मी मोटार बंद दिसली की टेप सोडत असे. केळीच्या पट्ट्यात मे महिन्यात मोटार बंद दिसणे म्हणजे बहुतेक वेळा लाइट नुकतीच गेलेली असणे, हे माझ्या ध्यानात आले नव्हते. एका विहिरीवर पाण्याची बाटली विसरले म्हणून तासाभराने परत गेले आणि सहज पुन्हा मोजले, तर पातळी जवळजवळ दीड मीटर वर आलेली! म्हणजे मी विहिरीची स्थिर पातळी मोजतच नव्हते. उपशानंतर विहीर भरत असताना मधल्याच एखाद्या क्षणाचा आकडा लिहून घेत होते.

मग गावागावातून थ्री फेजचे वेळापत्रक मिळवले. एका फीडरवर लाइट गेली की साऱ्या मोटारी एकदम थांबतात, त्यामुळे शेजारच्या विहिरीचा उपसाही थांबतो. लाइट जाऊन चार तास झाल्यावर मोजायचे, अर्ध्या तासाने पुन्हा मोजायचे आणि दोन्हींत 2 सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर नोंद धरायची नाही, असा नियम केला. तो पाळण्यासाठी काही विहिरींवर पहाटे पाचला जावे लागले. ऑटो स्टार्टर लावलेल्या ठिकाणी लाइट येताच मोटार आपोआप सुरू होते, तेव्हा टेप आत असताना मालकाला मोटारीच्या खोलीपाशी उभे करणे हेही त्यात आले. ज्या सहा विहिरी त्या मे महिन्यात नियमाप्रमाणे पुन्हा मोजता आल्या नाहीत, त्या मी निष्कर्षातून काढल्या. मार्गदर्शक सरांनी ते तक्त्याखाली एका ओळीत लिहायला सांगितले. मला ते अख्खे प्रकरण वाटत होते.

दुसरी अडचण आडव्या बोअरची. आपल्याकडे जुन्या विहिरींना आतून आडवे बोअर मारलेले असतात. त्यांचे पाणी भिंतीवरून झिरपत असेल, तर टेपला लावलेला खडू खऱ्या पातळीच्या बराच वरपर्यंत भिजतो आणि पाणी आहे त्याहून उथळ दिसते. अशा विहिरींत मी टेप मधोमध सोडून तीनदा मोजले. कठड्याची उंची प्रत्येक वेळी वजा केली. मोबाइलच्या जीपीएसने दाखवलेली समुद्रसपाटीपासूनची उंची मात्र वापरली नाही. एकाच कठड्यावर सकाळ-संध्याकाळ तिच्यात काही मीटरचा फरक येत होता. त्यामुळे भूजल कोणत्या दिशेने वाहते याचा नकाशा माझ्या प्रबंधात नाही. तो काढायचा मोह झाला होता, क्यूजीआयएसमध्ये पाच मिनिटांचे काम होते.

निष्कर्ष साधा आहे. उरलेल्या 16 विहिरींपैकी पायथ्याजवळच्या, दगडगोट्यांच्या जाड थरातल्या विहिरींत मे ते नोव्हेंबर पाणी 6 ते 11 मीटर चढले. तापीकडच्या, चिकणमातीचे थर असलेल्या गाळातल्या विहिरींत 2 ते 4 मीटरच. तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी विचारले, “हा फरक मुरणाऱ्या पाण्याचा कशावरून? खाली उपसा जास्त असेल तर?” माझ्याकडे उत्तर नव्हते आणि मी तसेच सांगितले. त्यातून 2024 चा पाऊस चांगला होता. एका वर्षाच्या दोन मापांवरून पाणी वाढते आहे की घटते आहे, हेही मी सांगू शकत नाही. दर महिन्याचे माप आणि त्याच्या जोडीला मोटार किती तास चालली याची नोंद, एवढे असते तर त्या प्रश्नाच्या जवळ जाता आले असते. आपल्या प्रकल्पात नेमके हेच दोन्ही आहे. जाहिरात वाचून अर्ज करायचे ठरवले ते यामुळे.

शेतकऱ्यांशी बोलण्याबद्दल थोडे. घरात आमची अहिराणी. “पानी कितलं खोल शे?” हे अमळनेरकडे चालते, पण यावलकडे बोली लेवा, तिथे मी साधी मराठीच बोलले. “मोजून पाणी वाढणार आहे का?” हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक बांधावर आला. नोव्हेंबरमध्ये परत गेले तेव्हा प्रत्येकाला त्याच्या विहिरीचे दोन्ही आकडे कागदावर लिहून दिले, त्यानंतर तो प्रश्न कमी झाला. म्हातारी माणसे जुनी खोली परसात सांगत. परस कोणी पाच फुटांचा धरतो, कोणी सहा, म्हणून त्या आठवणी मी वेगळ्या वहीत ठेवल्या, मोजलेल्या तक्त्यात मिसळल्या नाहीत. आपल्या कामात पावरा वस्त्याही येतील. पावरी मला येत नाही, तिथे स्थानिक सोबती लागेल.

एक्सेल आणि क्यूजीआयएस मला नीट येते. क्षारतेसाठी वाहकता मापक वापरला आहे आणि रोज सकाळी 1413 मायक्रोसीमेन्सच्या द्रावणाने तो जुळवून घेण्याची सवय आहे. भूजलाचे प्रतिमान मी केलेले नाही. संख्याशास्त्र एम.एस्सी.च्या अभ्यासक्रमापुरतेच झाले आहे. जाहिरातीत आर ‘असल्यास प्राधान्य’ म्हटले आहे, ते मी दोन महिन्यांपूर्वी शिकायला सुरुवात केली : तक्ते वाचून आलेख काढता येतात, त्यापुढे अजून नाही.

दुचाकीचे लायसन्स आहे. निवड झाल्यास यावल किंवा फैजपूरला खोली घेऊन राहण्याची तयारी आहे, घरी तसे बोलणे झाले आहे. 1 ऑगस्टपासून रुजू होऊ शकते. मुलाखतीला मूळ फील्डवही घेऊन येईन. टाकून दिलेल्या सहा विहिरींच्या नोंदी तिच्यात खोडलेल्या नाहीत, नुसती बाजूला रेघ मारली आहे.

आपली विश्वासू,
दीपाली भास्कर पाटील

सोबत : बायोडाटा (संपर्क क्रमांकासह), एम.एस्सी. गुणपत्रक, प्रबंधाची प्रत, 16 विहिरींच्या मापांची एक्सेल फाइल, मार्गदर्शकांचे शिफारसपत्र