परिपत्रक: भोसरीचा प्रेस शॉप चाकणला हलवण्याबाबत

दिनांक: १२ जानेवारी २०२६
प्रति: भोसरी व चाकण कारखान्यांतील सर्व सहकारी
प्रेषक: व्यवस्थापकीय संचालक

भोसरीचा प्रेस शॉप ३१ मार्चला बंद होईल आणि तिथले काम चाकणला जाईल. भोसरीतील वेल्डिंग, रंगकाम व डिस्पॅच आहे तिथेच राहील.

प्रेस शॉपमध्ये ५८ जण आहेत. ३९ जण चाकणला जातील, १९ जागा कमी होतील. त्यांपैकी ७ जण मार्चअखेर निवृत्त होत आहेत. उरलेल्या १२ जणांना मात्र आमच्याकडे काम नाही. या बाराही जणांशी आम्ही शुक्रवारी व शनिवारी समोरासमोर बोललो आहोत. तुमच्याशी कोणी बोलले नसेल, तर तुमचे नाव त्यात नाही. निवड श्रेणीनिहाय, शेवटी लागलेला आधी या नियमाने झाली. ज्येष्ठता यादी फलकावर आहे. तारीख चुकली असेल तर २३ जानेवारीपर्यंत नेमणूकपत्राची प्रत घेऊन या.

कारण असे: मोठ्या ग्राहकाची ऑर्डर ऑगस्टपासून घटली. २५० टनी प्रेस भोसरीत दिवसाला ७ तास आणि चाकणला ९ तास चालतो. दोन्हीकडचे काम मिळून एका प्रेसच्या दोन पाळ्या होतात. ऑर्डर परत येईल असे धरून आम्ही पाच महिने थांबलो. तो अंदाज आमचा चुकला, त्यात तुमच्या कामाचा दोष नाही.

भीतीपोटी राजीनामा देऊ नका. कपातीत गेलेल्याला भरपाई मिळते, स्वतःहून राजीनामा दिलेल्याला ती मिळत नाही. कोणी कोऱ्या किंवा न वाचलेल्या कागदावर सही मागितली तर नकार द्या आणि आम्हाला कळवा.

त्या १२ जणांना एक महिन्याची नोटीस आणि प्रत्येक पूर्ण वर्षाला ३० दिवसांचा पगार मिळेल (कायद्याने किमान १५). ग्रॅच्युइटी वेगळी: मूळ पगार व महागाई भत्ता भागिले २६, गुणिले १५, गुणिले वर्षे. १८,२०० रुपये आणि ८ वर्षे असतील, तर ८४,००० रुपये. शेवटच्या वर्षाचे सहा महिन्यांहून जास्त दिवस भरले असतील तर ते पूर्ण वर्ष धरतात. पगाराचा हिशेब दोन दिवसांत, ग्रॅच्युइटी ३० दिवसांच्या आत. पीएफचा यूएएन तोच राहतो. आधारवरचे नाव व बँक खाते आत्ताच जुळवून घ्या, पैसे बहुधा तिथेच अडकतात.

चाकणला जाणाऱ्यांचा पगार, श्रेणी व सेवाकाळ तसाच राहील. पहिल्या पाळीसाठी बस भोसरीहून सकाळी ५.४५ ला सुटेल. ७ च्या पाळीला ही वेळ लवकरची वाटेल, पण नाशिक रस्त्यावरच्या कोंडीचा भरवसा नाही. बसमुळे उशीर झाला तर पगार कापला जाणार नाही.

प्रेसच्या पायाचे काँक्रीट २ फेब्रुवारीला ओतायचे आहे. ते मुरायला २८ दिवस लागतात, म्हणून मार्चआधी मशीन हलणार नाही. ओतायला उशीर झाला तर ३१ मार्चही पुढे जाईल आणि तोवर सर्वांना भोसरीतच काम व पगार मिळेल.

दोन्हीकडची खरेदी खाती एकत्र करायची का, हे ठरलेले नाही. निर्णय २० फेब्रुवारीला त्या खात्यातल्या लोकांना आधी सांगू. तोपर्यंत सुपरवायझरांनी कोणालाही होय-नाही सांगू नये.

बुधवारी दुपारी ३ वाजता भोसरीच्या कॅन्टीनमध्ये मी स्वतः असेन.