गिळण्याच्या तपासणीसाठी संदर्भपत्र

प्रति,
वाचा-भाषा उपचारतज्ज्ञ

महोदया,

पक्षाघातानंतर दाखल झालेल्या, पुरुष कक्षातील खाट क्र. 14 वरील 68 वर्षांच्या रुग्णाचे काल दुपारचे व आज सकाळचे जेवण मी समोर बसून पाहिले. पाणी किंवा चहा घेताना त्यांना प्रत्येक वेळी ठसका लागतो आणि नंतर आवाज ओलसर, घोगरा होतो. मऊ भाताचा घास उजव्या गालात साठून राहतो. दाट पेज त्यांनी न खोकता घेतली, परंतु खोकला न येताही अन्न श्वासनलिकेत जाऊ शकते, म्हणून तेवढ्यावर विसंबणे मला योग्य वाटत नाही. डॉक्टरांच्या संमतीने तोंडावाटे आहार तूर्त थांबवला आहे. कृपया आजच तपासणी करून कोणता दाटपणा सुरक्षित आहे, की नळीवाटे आहार द्यावा, हे कळवावे.

आपली,
आहारतज्ज्ञ